आमेन म्हणजे ॐ नव्हे, आणि मारानाथात नाथ नाही

"तुम्हाला माहीत आहे का? ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतात तो आपल्या ॐचाच अपभ्रंश आहे. काही विद्वान म्हणतात, ते इजिप्तच्या आमोन देवाचं नाव आहे. हालेलूया ही नुसती आनंदाची आरोळी, तिला अर्थ नाही. होसान्ना म्हणजे 'जय हो'. आणि मारानाथा या शब्दात तर चक्क आपला 'नाथ' आहे! पुढे पाठवा."

हा मजकूर आठवड्याभरात मला तीन गटांवर आला. त्यातला एक गट आमच्या चर्चमधल्या लोकांचा, आणि तिथे खाली चौघांनी अंगठे दाखवले होते. म्हणून क्रमाने घेतो.

आधी ॐ. हिब्रू शब्दाचा कणा व्यंजनांचा असतो, बहुतेक वेळा तीन व्यंजनांचा. स्वर बदलले, पुढे-मागे काही जोडलं, की त्याच कण्यावर क्रियापद, नाम, विशेषण उभं राहतं. आमेनचा कणा आलेफ, मेम, नून हा आहे आणि त्याचा मूळ भाव 'पक्कं असणं, न डळमळणं' असा. हा भाव किती साधा, हाताने चाचपता येईल असा आहे ते बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात दिसतं. अमालेकांशी लढाई चालली आहे, मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकांची. हात भरून आल्यावर अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी एकेक हात धरून ठेवतात. मग मूळ हिब्रू म्हणतं की सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' होते. हाच एमुना शब्द पुढे विश्वास, निष्ठा या अर्थाने सगळीकडे येतो. इथे मात्र त्याचा अर्थ दोन माणसांनी धरून ठेवल्यामुळे न हललेले हात, एवढाच आहे. 'सत्य' या अर्थाचा 'एमेत' हा शब्दही याच धातूचा.

अरबी ही हिब्रूची बहीण. तिच्यात हाच अ-म-न धातू आहे आणि त्यावरून ईमान, अमानत, अमीन हे शब्द झाले. ते फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन बसले: इमान, इमानदार, बेइमान. अमानत या शब्दातली अक्षरं आपण बोलता बोलता उलटीपालटी केली आणि 'अनामत' करून टाकलं. उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली, ही बातमी दर निवडणुकीत असते. तेव्हा आमेनचा मराठीतला सख्खा नातलग शोधायचा असेल तर तो अनामत रकमेत सापडतो, ओंकारात नाही. मशिदीत फातिहानंतर म्हणतात तो 'आमीन' हादेखील हाच शब्द.

ओंकारात न मुळातच नाही, आणि आमेनचं घराणं वर दिसतं तसं हिब्रूतच पूर्ण आहे. त्याला बाहेरून जन्म द्यायची गरज पडत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण ती खरी आहे आणि मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसावी. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्याच खंडात ओंकाराला 'अनुज्ञाक्षर' म्हटलं आहे: माणूस एखाद्या गोष्टीला होकार देतो तेव्हा 'ॐ' असंच म्हणतो. म्हणजे होकाराचं काम दोन्ही शब्द करतात. पण दोन माणसं एकाच पदावर नोकरी करतात म्हणून ती भाऊ ठरत नाहीत.

आता आमोन देव. या गोंधळाचा उगम लिपीत आहे. प्राचीन इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून इंग्रज अभ्यासकांनी त्या देवाचं नाव कधी आमोन, कधी आमून, तर कधी आमेन असं लिहिलं. जुन्या पुस्तकांत 'आमेन-रा' वाचून लोकांनी पुढची उडी स्वतः मारली. इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक. त्यात स्वर लिहितात, आणि तिथे या देवाचं नाव आमून आहे. त्या नावाचा अर्थ 'गुप्त, न दिसणारा' असा लावतात. आमेनच्या 'पक्कं' या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यात मोठा पुरावा तर खुद्द बायबलमध्ये आहे. यिर्मयाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात हा देव 'नो नगरीचा आमोन' या नावाने येतो. नो म्हणजे इजिप्तचं थीब्स. तिथे हिब्रू लेखकाने मध्ये वाव हे अक्षर घालून 'आमोन' लिहिलं आहे आणि त्या देवाला शासन होणार असं म्हटलं आहे. त्याच यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात 'आमेन' आहे, वाव न घालता. एकाच ग्रंथात दोन शब्द वेगळे लिहिलेत आणि त्यातल्या एकाला धमकी दिली आहे. ज्या देवाला शासन व्हावं असं म्हणायचं त्याच्याच नावाने प्रार्थना संपवण्याइतके ते लोक वेंधळे नव्हते.

हा अठ्ठाविसावा अध्याय तसाही वाचण्यासारखा आहे. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मयाला ते पटत नाही. पण त्याचं पहिलं उत्तर काय, तर "आमेन! परमेश्वर असंच करो." आणि मग "पण ऐक" म्हणून तो सुरू होतो. आमेनमध्ये उपरोधही भरता येतो, कारण तो कुणाचं नाव नसून दुसऱ्याच्या बोलण्याला दिलेलं उत्तर आहे.

इथे आमच्या लोकांचंही थोडं चुकतं. आमेनचा अर्थ विचारला की आपण पटकन 'तथास्तु' म्हणतो. ते अगदीच चूक नाही. हिब्रू पवित्र शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात बहुतेक ठिकाणी आमेनसाठी 'गेनोइतो' म्हणजे 'तसं होवो' असंच घातलं आहे. पण मराठीत तथास्तु कोण म्हणतं? वर देणारा देव म्हणतो. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलू नये, असं आजी सांगायची. आमेनची दिशा नेमकी उलटी आहे. तो ऐकणारा म्हणतो, आणि म्हणताना स्वतःला बांधून घेतो.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायातला प्रसंग बघा. यरुशलेमची तटबंदी बांधली जात होती आणि त्याच वेळी दुष्काळ व राजाचा कर यांनी लोक पिचले होते. कुणी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकून धान्य आणलं होतं, कुणाच्या पोरी दास्यात गेल्या होत्या. घेणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या सावकारांना सभेत बोलावतो. ते म्हणतात, परत करतो, काही मागणार नाही. नहेम्याला नुसता शब्द पुरत नाही. तो याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो, मग आपल्या अंगरख्याचा ओचा झटकतो आणि म्हणतो, जो हा शब्द पाळणार नाही त्याला देव त्याच्या घरातून आणि कमाईतून असाच झटकून टाको. आणि सगळी सभा म्हणते: "आमेन."

हा आमेन म्हणजे कर्जमाफीच्या करारावर सगळ्यांनी उठवलेला अंगठा आहे. शब्द मोडला तर तो झटका आपल्याला लागू, हे त्यांनी मान्य केलं. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायातही असंच आहे. लेवी एकामागून एक बारा शाप पुकारतात, आंधळ्याला वाट चुकवणारा शापित, शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणारा शापित, आणि प्रत्येक वाक्यानंतर लोकांनी आमेन म्हणायचं. बांधाचा दगड सरकवणाऱ्याला पुढच्या वेळी 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही.

म्हणूनच यहुदी परंपरेत आमेन कसा म्हणावा याचे नियम आहेत. तालमूदमध्ये, बराखोत या भागात सांगितलं आहे की आमेन घाईने हिसकल्यासारखा म्हणू नये, अर्धा तोडू नये, आणि 'पोरका' आमेन म्हणू नये. पोरका म्हणजे ज्या आशीर्वचनाला तो उत्तर आहे ते ऐकलंच नाही, असा. मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्राखाली 'आमेन टाइप करा' असं येतं आणि आपण न वाचता टाइप करतो, ते आठवलं की मला हा शब्द फार चपखल वाटतो.

येशू मात्र हा शब्द वाक्याच्या आरंभी वापरतो, आणि स्वतःच्या बोलण्याला. दुसऱ्याच्या वाक्याला होकार द्यायची रीत असताना हे ऐकणाऱ्यांना खटकलं असणार. मराठी शास्त्र वाचणाऱ्याला ते कळत नाही, कारण आपल्याकडे तिथे 'खचीत' असं भाषांतर केलं आहे. "मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो" हे योहानाच्या शुभवर्तमानात पंचवीस वेळा येतं, आणि त्या प्रत्येक 'खचीत खचीत'खाली मुळात 'आमेन आमेन' आहे. म्हणजे आमच्या हातातल्या पुस्तकात आमेन कितीतरी जास्त वेळा आहे, फक्त मराठी कपडे घालून.

आता हालेलूया. नहेम्याच्या त्याच वचनात आमेनला लागूनच पुढे आहे की सभेने परमेश्वराची स्तुती केली, आणि तिथलं क्रियापद ह-ल-ल या धातूचं आहे. हालेलूया त्यातूनच निघतो. हा एक शब्द दिसत असला तरी ते अख्खं वाक्य आहे. 'हालेलू' म्हणजे 'स्तुती करा'. आज्ञार्थ, आणि अनेकवचनी: तुम्ही सगळेजण करा. 'याह' हे देवाच्या नावाचं छोटं रूप. शेवटचा ह हिब्रूत स्पष्ट उच्चारायचा असतो, तसं दाखवणारा ठिपका अक्षराच्या पोटात देतात.

अनेकवचनाचं महत्त्व १४६व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत कळतं. स्तोत्रकर्ता आधी म्हणतो 'हालेलू याह', म्हणजे लोकहो, स्तुती करा. लगेच स्वतःकडे वळून म्हणतो 'हालेली नफ्शी', म्हणजे माझ्या जिवा, तू स्तुती कर. 'नेफेश' म्हणजे जीव हा हिब्रूत स्त्रीलिंगी शब्द, म्हणून क्रियापद बदलून एकवचनी आणि स्त्रीलिंगी झालं. ज्याला अर्थ नाही अशी आरोळी लिंग-वचनाप्रमाणे चालत नाही. आपण 'हुर्रे'चं अनेकवचन करत नाही.

त्यामुळे "प्रभूची स्तुती असो" हे भाषांतर कानाला बरं वाटलं तरी नेमकं नाही. 'असो' ही इच्छा झाली. हालेलूया ही दुसऱ्यांना केलेली हाक आहे, कीर्तनकार "म्हणा" म्हणतो तशी. व्याकरणाने बघितलं तर हालेलूयाला उत्तर म्हणून पुन्हा हालेलूया म्हणणं म्हणजे "गा!" म्हटल्यावर "तू गा!" म्हणण्यासारखं आहे. चालतं, वाईट काही नाही.

त्या 'याह'ची ओळख आपल्याला आधीपासून आहे, फक्त लक्षात येत नाही. यशया, यिर्मया, जखऱ्या, सफन्या, ओबद्या, नहेम्या या नावांच्या शेवटचा 'या' तोच. यहुदी लोक देवाचं पूर्ण चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, वाचताना त्याजागी 'अदोनाय' म्हणजे 'प्रभू' म्हणतात. २००८ साली व्हॅटिकननेही उपासनेतल्या गीतांत आणि प्रार्थनांत ते पूर्ण नाव वापरू नये असं कळवलं. पण हालेलूया कायम राहिला. न उच्चारायच्या नावाचा एक तुकडा आपण दर रविवारी मोठ्याने गातो आणि कुणाची हरकत नसते.

'आलेलुया' की 'हालेलूया' या वादावरही एक वाक्य. ग्रीकमध्ये ह साठी अक्षर नव्हतं, म्हणून ग्रीक आणि लॅटिन मार्गाने आलेला शब्द ह गमावून आला, आणि कॅथलिक मिस्सामध्ये तसाच राहिला. दोन्ही बरोबर. लॅटिन परंपरेत प्रायश्चित्त काळात हा शब्द म्हणतच नाहीत. तो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण-विधीत परत येतो. कोकणातल्या बेने इस्राएल यहुदी मंडळींकडे तो ग्रीक किंवा लॅटिनच्या वळणाने आलाच नाही, थेट हिब्रूतून आला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि त्या रात्री गायच्या स्तोत्रांना तर 'हालेल' असंच म्हणतात.

होसान्नाबद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मूळ शब्द 'होशिआ ना', ११८व्या स्तोत्रातला. होशिआ म्हणजे 'वाचव', आणि 'ना' हा विनवणीचा शब्द. अर्थ: "वाचव ना!" होय, अगदी आपला 'ना', तसाच क्रियापदाच्या मागे येणारा, तसाच आर्जवाचा. आणि हा शुद्ध योगायोग आहे. कानाला सारखं लागलं की नातं जोडायचं म्हटलं, तर सगळ्यात भक्कम दावा हाच ठरला असता. मजकूरवाल्यांना तो सापडला नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

हा शब्द राजापुढे दाद मागताना वापरत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तकोवा गावची बाई दावीद राजासमोर पालथी पडून म्हणते, "होशिआ, महाराज!" शोमरोनला वेढा पडलेला असताना तटावरून चाललेल्या राजाला एक बाई हीच हाक मारते. तेव्हा होसान्ना मुळात जयजयकाराच्या नव्हे, धाव्याच्या कुळातला. "पाव रे देवा" हे त्याचं जवळचं मराठी. झावळ्यांच्या रविवारी आपण फांद्या हलवत ते म्हणतो तेव्हा शब्दशः मदत मागत असतो. आणि ज्याच्याकडे मागतो त्याचं नाव, येशुआ, त्याच धातूचं आहे. ग्रीकमध्ये श नाही, म्हणून होशिआचा 'होसा' झाला आणि येशुआचा 'येसूस'. मराठीत येशूला त्याचा श परत मिळाला, होसान्नाला मिळाला नाही.

मग अर्धं बरोबर कुठे? मत्तयात लोक "दावीदाच्या पुत्राला होसान्ना" म्हणतात. 'त्याला वाचव ना' असा अर्थ तिथे बसत नाही. म्हणजे ग्रीक शुभवर्तमान लिहिलं जाईपर्यंत विनवणीची घोषणा झाली होती. संत ऑगस्टिन तर म्हणतो की हा शब्द एखादी गोष्ट सांगण्यापेक्षा मनाची अवस्था दाखवतो, उद्गारवाचक शब्दासारखा. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 'त्राहि' म्हणजे संस्कृतात 'वाचव', पण "पोरांनी त्राही त्राही करून सोडलं" म्हणताना आपण कुणालाही वाचवायला बोलावत नसतो.

राहिला मारानाथा. हा हिब्रू नव्हे, अरामी, म्हणजे येशूच्या घरात बोलली जायची ती भाषा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी पौल ग्रीकमध्ये लिहिता लिहिता हा शब्द अरामीतच ठेवून देतो. 'मार' म्हणजे प्रभू, धनी. केरळातल्या सुरियानी बिशपांच्या नावाआधी 'मार' लावतात, तो हाच. 'मारान' म्हणजे आमचा प्रभू. म्हणजे शब्दातला न 'आमचा' या प्रत्ययाचा आहे, आणि त्यापुढे जे उरतं ते 'येणे' या क्रियापदाचं रूप. न मागच्या शब्दाचा, था पुढच्या शब्दाचा. दोन वेगळ्या शब्दांच्या कडा जोडून 'नाथ' काढणं म्हणजे 'काका मला' मधून 'कामला' काढण्यासारखं.

खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो नाथापेक्षा मजेदार आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. त्यामुळे 'मारान अथा' असं तोडलं तर अर्थ होतो "आमचा प्रभू आला आहे", आणि 'माराना था' असं तोडलं तर "आमच्या प्रभू, ये!" एका ठिकाणी कबुली, दुसऱ्या ठिकाणी हाक. अक्षरं तीच. मला स्वतःला दुसरी फोड पटते, कारण प्रकटीकरणाच्या शेवटून दुसऱ्या वचनात हीच हाक ग्रीकमध्ये भाषांतर होऊन आली आहे, आणि तिच्याआधी, भाषांतर न करता, एक हिब्रू शब्द तसाच ठेवला आहे: "आमेन. ये, प्रभू येशू, ये."